साठीनंतर पदवीची परीक्षा: डोळा, हात आणि घड्याळ यांचा हिशेब

ज्यांचं बी.ए. कधीतरी अर्धवट राहिलं आणि आता निवृत्तीनंतर ते पुरं करायचंय, अशा सातारा-सांगलीकडच्या ज्येष्ठांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी ही प्रश्नोत्तरं. उदाहरण म्हणून साताऱ्याच्या गोडोलीतले एक काका घेतलेत. वय अडुसष्ट, निवृत्त कारकून, शेवटचं वर्ष, विषय इतिहास आणि राज्यशास्त्र. नाव छापू नका म्हणाले, म्हणून इथे ते नुसते काका. मी पूर्वी कॉलेजात इतिहास शिकवायचे, त्यामुळे उदाहरणंही इतिहासातलीच आली आहेत.

या वयात बी.ए.ला बसता येतं का? कॉलेजातले जुने मार्क चालतील का?

वयाची वरची अट मुक्त आणि दूरशिक्षणाच्या बी.ए.ला नसते. आपल्या भागात साधारण तीन वाटा आहेत. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ (स्थापना १९८९), ज्याची अभ्यासकेंद्रं गावोगावच्या कॉलेजांत असतात, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचं दूरशिक्षण, कारण सातारा आणि सांगली दोन्ही जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात येतात, आणि इग्नू. मराठीतून पेपर लिहायचा असेल तर पहिल्या दोन वाटा सोयीच्या.

चाळीस वर्षांपूर्वीचे एफ.वाय., एस.वाय.चे मार्क मात्र पुढे जोडून मिळतील ही आशा धरू नका. हल्ली पास झालेल्या विषयांची क्रेडिट्स विद्यार्थ्याच्या नावावर ज्या क्रेडिट बँकेत जमा होतात, तिथेसुद्धा ती जास्तीत जास्त सात वर्षं चालतात. बारावीचं किंवा त्याला समकक्ष जुन्या परीक्षेचं प्रमाणपत्र शोधून काढा आणि नव्याने प्रवेश घ्या. प्रमाणपत्रावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळतं का तेही तेव्हाच बघा. विशेषतः आजींच्या बाबतीत, कारण माहेरचं नाव एका कागदावर आणि सासरचं दुसऱ्यावर असतं.

"आता काही लक्षात राहत नाही" असं बाबा रोज म्हणतात. मग परीक्षा कशी देणार?

हे वाक्य प्रत्येक घरात ऐकायला मिळतं आणि बहुतेक वेळा ते अर्धंच खरं असतं. वयाबरोबर नवी गोष्ट डोक्यात बसायला वेळ जास्त लागतो आणि ऐन वेळी नाव आठवायला उशीर होतो, हे खरं. पण आधीच्या माहितीला नवी माहिती जोडणं ज्येष्ठांना सोपं जातं. काकांना १९७५ची आणीबाणी पाठ करावी लागली नाही, ती त्यांनी पाहिलेली.

पेपर खरा अडतो तो डोळ्यांपाशी आणि हातापाशी. वाचताना अक्षरं ओळखण्यातच निम्मी शक्ती गेली तर अर्थ मनात ठसत नाही, आणि माणूस समजतो की आपली स्मरणशक्ती गेली. लिहिताना मनगट दुखायला लागलं की येत असलेलं उत्तरही अर्ध्यावर सुटतं. तेव्हा वेळापत्रक आखण्याआधी दोन गोष्टी मोजून घ्या: कोणत्या आकाराचं अक्षर न अडखळता वाचता येतं, आणि दहा मिनिटांत हाताने किती शब्द लिहून होतात. पुढचं सगळं नियोजन या दोन मापांवर उभं राहतं.

हाताचा वेग कसा मोजायचा, आणि मोजून उपयोग काय?

रेघांची वही, नेहमीचं पेन आणि घड्याळ घ्या. विषय असा निवडा की विचार करावा लागणार नाही: आपलं गाव, पहिली नोकरी, काहीही. दहा मिनिटं परीक्षेतल्यासारखं सलग लिहायचं आणि मग शब्द मोजायचे. काकांचे एकशे बारा शब्द झाले, म्हणजे मिनिटाला अकरा.

आता पेपर समोर ठेवू. जुन्या प्रश्नपत्रिकांवरून आम्ही धरलेला साचा असा: तीन तास, ऐंशी गुण, सोळा गुणांचे पाच प्रश्न. तुमचा नमुना वेगळा असेल तर आकडे बदला, रीत तीच राहील. एकशे ऐंशी मिनिटांतून दहा मिनिटं प्रश्नपत्रिका वाचायला आणि वीस मिनिटं पुरवणी बांधणं, बाथरूमला जाऊन येणं, शेवटी नजर फिरवणं यासाठी काढली की दीडशे उरतात. म्हणजे एका प्रश्नाला तीस मिनिटं. त्यातली पाच मुद्दे जुळवण्यात जातात. पंचवीस मिनिटांत मिनिटाला अकराने होतात पावणेतीनशे शब्द.

म्हणजे काकांचं सोळा गुणांचं उत्तर पावणेतीनशे शब्दांचं असतं, त्याहून मोठं होऊच शकत नाही. गाईडमधलं उत्तर सहाशे-सातशे शब्दांचं असतं. ते पाठ करण्यात महिना घालवला तरी पेपरात त्यातलं निम्म्याहून कमी उतरणार, आणि कोणतं निम्मं गाळायचं हे ऐन वेळी घामाघूम होऊन ठरवावं लागणार. ते गाळणं घरी, शांतपणे, आधीच करून ठेवायचं.

दुसरं मोजमाप महिन्याभराने घ्या: सलग दीड तास लिहून शेवटच्या दहा मिनिटांतले शब्द मोजा. काकांचा वेग अकरावरून सातवर घसरला होता. तरुण मुलांचाही घसरतो, पण इतका नाही. म्हणून रोज संध्याकाळी वीस मिनिटं फक्त लिहिणं ठरवलं आणि आठवड्याला पाच मिनिटं वाढवत तासावर नेलं. पहिल्या मिनिटाचा वेग फारसा वाढला नाही, घसरण मात्र पुष्कळ थांबली. बॉलपेनला दाब द्यावा लागतो, जेल पेन हलकं चालतं. जाड पकडीचं असेल तर अंगठ्याचा सांधा कमी दुखतो. फक्त जेलची शाई घामाच्या हाताला पुसली जात नाही ना, ते उन्हाळ्यापूर्वी पाहून घ्या.

नोट्सचं अक्षर किती मोठं असावं?

जितकं मोठं तितकं चांगलं, असं नाही. फार मोठं केलं तर एका नजरेत दोन-तीनच शब्द मावतात, ओळ तुटत राहते आणि वाचन उलट मंदावतं.

तपासायची पद्धत सोपी आहे. एकच परिच्छेद कॉम्प्युटरवर चौदा, सोळा, अठरा, वीस आणि चोवीस पॉइंटमध्ये छापून घ्या. नेहमीचा वाचनाचा चष्मा लावून, साधारण चाळीस सेंटिमीटरवर धरून, मोठ्याने वाचायला लावा आणि वेळ नोंदवा. आकार वाढेल तसा वेळ कमी होत जातो आणि एका टप्प्यावर थांबतो. तो थांबण्याचा टप्पा म्हणजे तुमचा आकार. काकांचा अठराला थांबला. संध्याकाळी डोळे थकल्यावर वाचायचं असतं म्हणून आम्ही एक पायरी वर, वीस घेतला.

मराठीसाठी एक गोष्ट वेगळी आहे. इंग्रजीत मोठ्या छपाईसाठी अठरा पॉइंट हा आकार बऱ्याचदा सांगितला जातो. देवनागरीत मात्र त्याच उंचीत वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार बसवायचे असतात, त्यामुळे मूळ अक्षर लहान दिसतं. शिवाय वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या मात्रा एकमेकांत घुसू नयेत म्हणून ओळींमधलं अंतर दीडपट ठेवावंच लागतं. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी हे फॉन्ट मोफत मिळतात आणि त्यांची जोडाक्षरं स्वच्छ दिसतात. वीस पॉइंट, दीडपट अंतर आणि चांगला समास सोडून ए-फोर पानावर बावीस-तेवीस ओळी मावतात, म्हणजे दीडशेच्या आसपास शब्द.

चाचणी घेण्याआधी चष्म्याचा नंबर तपासून घ्या. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्म्यात जवळचं दिसणारी पट्टी खाली आणि अरुंद असते, त्यामुळे वाचताना मान वर करून हनुवटी पुढे काढावी लागते. वीस मिनिटांत मान आखडते आणि दोष अभ्यासावर जातो. फक्त वाचनासाठी एक साधा चष्मा वेगळा करून घेतला तर हा त्रास बराच कमी होतो. मोतीबिंदू असेल तर डॉक्टरांना परीक्षेचा महिना सांगा, म्हणजे शस्त्रक्रिया आणि नंतरचा नवा नंबर परीक्षेच्या तोंडावर येणार नाही. मधुमेह असणाऱ्यांनी, साखर वर-खाली होत असेल त्या काळात नंबर काढू नये; साखर बदलली की नंबरही बदलतो.

सगळं ठळक केलं किंवा खाली रेघ ओढली तर जास्त नीट दिसेल ना?

नाही दिसणार. अक्षर सरसकट ठळक केलं की आतली पोकळी भरते आणि घ-ध, भ-म, ष-प यांत गोंधळ होतो. अनुस्वार तर शिरोरेषेला चिकटून जातो. ठळक फक्त मथळा. खाली ओढलेली रेघ उकार कापते, "कुल" की "कूल" ते कळत नाही. त्याऐवजी शब्दाच्या आधी-नंतर जागा सोडा किंवा फिकट पिवळा हायलायटर वापरा.

सालांची वेगळी काळजी घ्या. हाताने लिहिलेल्या नोट्समध्ये १ आणि ९ एकमेकांसारखे दिसतात आणि इतिहासात ती चूक महागात पडते. साल नेहमी वेगळ्या ओळीवर, एक आकार मोठं.

पुस्तकच झेरॉक्सवर मोठं करून घेतलं तर?

चालेल, पण पूर्ण ए-फोर पान ए-थ्रीवर काढू नका. एवढा कागद हातात धरवत नाही आणि वाचताना डोळ्यांबरोबर मानही या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावी लागते. झेरॉक्सवाल्याला सांगा: पानाचा वरचा अर्धा भाग काचेवर ठेवा, एकशे एक्केचाळीस टक्के करा, आडव्या ए-फोरवर काढा, मग खालचा अर्धा तसाच. ओळी तुटत नाहीत आणि बारा पॉइंटचं अक्षर सतरापर्यंत जातं. कागद चकचकीत नको, दिव्याची तिरीप डोळ्यावर येते. टोनर कमी असलेल्या मशिनवरची करडी प्रत परत करा. आकार वाढवून काळेपणा गेला तर फायदा शून्य.

सगळं पुस्तक मात्र असं काढू नका. गठ्ठा बघूनच धीर सुटतो. निवडलेले प्रश्न तेवढेच.

एका प्रश्नाची नोट नेमकी कशी दिसते?

काकांनी केलेली पहिली नोट साताऱ्याच्या प्रतिसरकारची. पुस्तकात चार पानं होती. उत्तर पावणेतीनशे शब्दांचं, म्हणून पाच मुद्दे, प्रत्येकाला पंचावन्न शब्द. नोटमध्ये मात्र उत्तर लिहायचं नाही, फक्त उत्तर आठवून देणारे शब्द लिहायचे. पान असं झालं:

प्रतिसरकार

१९४२ – चले जाव. तासगाव मोर्चा ३ सप्टेंबर, वडूज ९ सप्टेंबर. वडूजला गोळीबार.

का? – मोर्चे दडपले, नेते भूमिगत. मग गावच आपलं राज्य.

कोण? – क्रांतिसिंह नाना पाटील. कुंडल. तुफान सेना – जी. डी. बापू लाड.

काय केलं? – न्यायदान, सावकारी-दरोडे यांना आळा, दारूबंदी, साधी लग्नं. शेणोली रेल्वे १९४३, धुळे खजिना १९४४.

शेवट – १९४६. सत्तांतराची चाहूल, भूमिगत बाहेर.

साठेक शब्द, वीस पॉइंटमध्ये एका पानात आरामात. "का?" हा मुद्दा पुस्तकात अर्ध्या ओळीत होता, पण काकांनी तो वेगळा काढला, ते योग्यच होतं, कारण "कारणे सांगा" असा प्रश्न आला तर तोच ताणायचा. आणखी एक ओळ त्यांनी समासात लिहिली: तेव्हा सांगली वेगळा जिल्हा नव्हता. कुंडल, तासगाव सगळं साताऱ्यातच होतं, दक्षिण सातारा १९४९मध्ये वेगळा झाला आणि १९६०मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. पुस्तकात सगळीकडे "सातारचे प्रतिसरकार" वाचून आजचा सांगलीकर विद्यार्थी हमखास गोंधळतो.

नोट पुस्तक उघडं ठेवून करायची, पण लगेच पुस्तक आणि नोट दोन्ही बंद करून मुद्दे बोलून दाखवायचे. जिथे अडलं तिथला शब्द नोटमध्ये चुकला आहे, तो बदलायचा. "शेणोली" हा शब्द वाचून काकांना रेल्वे आठवेना, म्हणून पुढे "रेल्वे" लिहिलं.

एका बैठकीला पंचवीसच मिनिटं का? आम्ही तर कॉलेजात रात्रभर बसायचो.

रात्रभर बसायचात आणि आठवड्याने विसरायचात, पण पेपर दुसऱ्याच दिवशी असल्यामुळे ते कळत नव्हतं. एकदम केलेला अभ्यास लवकर पुसला जातो आणि तोच वेळ दिवसांत वाटून दिला तर जास्त टिकतो, हे १८८५ साली एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवर प्रयोग करून मांडलं आणि नंतर ते पुन्हा पुन्हा दिसलं आहे. पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा न बघता आठवणं जास्त टिकतं, हेही तसंच तपासलेलं आहे.

पंचवीस या आकड्यात जादू नाही. तुमचा आकडा असा काढा: वाचताना तीच ओळ दुसऱ्यांदा वाचावी लागली की घड्याळ बघा. हे दोन-तीन दिवस बघितलं की कळतं. काकांची ती वेळ सकाळी अठ्ठावीस-तीस मिनिटांवर यायची, म्हणून पंचवीसला उठायचं. दुपारी जेवणानंतर ती दहा मिनिटांवर आली, म्हणून दुपारचा अभ्यास रद्द करून झोप कायम ठेवली. त्यावर घरात बराच वाद झाला, पण झोपच बरोबर होती.

उठल्यावर पाच-सात मिनिटं लांबचं बघायचं. गोडोलीतून अजिंक्यतारा दिसतो, तेवढं पुरे. मोबाइल उघडला तर डोळ्यांना विश्रांती मिळालीच नाही.

पूर्ण वर्षाचा हिशेब कसा बसतो?

काकांनी नोव्हेंबरात सुरुवात केली, परीक्षा मे महिन्यात. साधारण सव्वीस आठवडे. आठवड्याचे सहा दिवस, सकाळी दोन बैठका, म्हणजे कागदावर तीनशे बारा बैठका. पण घर म्हटलं की लग्नं, आजारपण, गावची यात्रा, नातवंडांच्या परीक्षा, पाहुणे आलेच. एक तृतीयांश आधीच सोडून द्या. उरल्या दोनशेच्या आसपास.

आता खर्च बघू. एका पेपरचे बारा प्रश्न निवडले, प्रत्येकाला दोन बैठका: एक वाचायला, एक नोट करायला. चोवीस झाल्या. मग प्रत्येक नोट चार वेळा न बघता आठवायची: दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, दोन आठवड्यांनी आणि पुढे महिना-दीड महिन्याने. एका बैठकीत दोन नोट्स होतात, म्हणजे आणखी चोवीस. पेपरामागे अठ्ठेचाळीस.

पेपर होते सहा. अठ्ठेचाळीस सक दोनशे अठ्ठ्याऐंशी, आणि हातात दोनशे. बसत नाही. चार पेपर घेतले तर एकशे ब्याण्णव, बसतात. काकांनी चार दिले, दोन पुढच्या वेळेला ठेवले.

म्हणजे विषय मागे ठेवायचे? लोक काय म्हणतील?

लोक सहापैकी दोन गेले तर जास्त बोलतील. इग्नूमध्ये जून आणि डिसेंबर अशा दोन परीक्षा असतात आणि फॉर्म विषयवार भरता येतो, त्यामुळे हे सरळ जमतं. इतर विद्यापीठांत न दिलेला विषय पुढे कधी, किती फी भरून आणि नोंदणीच्या किती वर्षांत देता येतो, हे अभ्यासकेंद्रात विचारून माहितीपुस्तिकेतलं ते पान झेरॉक्स करून ठेवा. तोंडी उत्तरावर विसंबू नका. मागे कोणते ठेवायचे, तर जे एकमेकांत मिसळतात त्यांतला एक. आधुनिक भारत आणि आधुनिक महाराष्ट्र एकाच महिन्यात केले की सालांची सरमिसळ होते.

एक आठवडा बुडाला. आता रोज दुप्पट करू का?

नको. दुप्पट केलं की तिसऱ्या दिवशी डोळे चुरचुरतात, चौथ्या दिवशी सुट्टी, आणि बुडालेला एक आठवडा दीड होतो. यादीतला शेवटचा, कमी वेळा विचारलेला प्रश्न काढून टाका आणि ठरलेल्या दोन बैठकांवर परत या. काकांच्या यादीत एका पेपरचे बारा होते ते शेवटी दहा उरले. नऊच्या खाली जाऊ लागलं तर मात्र तो पेपरच पुढे ढकलायचा विचार करा.

वेळ गेल्यानंतर पहिली बैठक नव्या प्रश्नाची घेऊ नका. जुन्या नोट्स आठवून बघा. किती उरलं आहे ते कळतं, आणि बहुतेकदा वाटलं होतं त्याहून जास्त उरलेलं असतं.

ज्येष्ठ नागरिक म्हणून जास्तीचा वेळ किंवा लेखनिक मिळतो का?

नुसत्या वयावर नाही. ही सवलत अपंगत्वाशी जोडलेली आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली किमान ४० टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र असेल, तर केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार तासाला किमान २० मिनिटं जादा, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास, आणि गरज असेल तर लेखनिक मिळू शकतो. टक्केवारी त्याहून कमी पण लिहिण्यात खरी अडचण असेल, तर २०२२च्या सूचनांनी त्यांनाही वाट ठेवली, मात्र शासकीय वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं. दृष्टी खूप कमी असेल किंवा पार्किन्सन असेल तर हे जरूर करा; पार्किन्सन या कायद्याच्या यादीत आहे. जिल्हा रुग्णालयातल्या तपासणीला वेळ लागतो, म्हणून परीक्षेच्या चार-पाच महिने आधी सुरुवात करा.

लेखनिक घ्यायचा ठरलं तर सरावही बोलून करावा लागतो. बोलून उत्तर सांगणं हे वेगळंच कौशल्य आहे.

नोट्स मोठ्या अक्षरात केल्या, पण प्रश्नपत्रिका तर बारीकच येणार?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात, आणि नेमका तिथेच पेपर बिघडतो. सहा महिने वीस पॉइंटची सवय झालेल्या डोळ्यांपुढे अचानक बारीक, कधी फिकट छपाई येते. माणूस "कारणे" ऐवजी "परिणाम" वाचतो. म्हणून शेवटचा महिना जुन्या प्रश्नपत्रिका मूळ आकारातच वाचायच्या. प्रश्न वाचताना ओळीखाली पट्टी धरायची, आणि "कारणे", "परिणाम", "स्वरूप", "मूल्यमापन" यांपैकी जो शब्द असेल त्याला पेन्सिलीने गोल करायचा. पहिली दहा मिनिटं राखून ठेवली आहेत ती यासाठीच.

भिंग न्यायचं असेल तर आधी केंद्रप्रमुखांना लेखी विचारा. वाचायला आडवं, पट्टीसारखं भिंग बरं पडतं, अख्खी ओळ दिसते. त्याच अर्जात तळमजल्यावरची खोली आणि खिडकीजवळची जागाही मागून घ्या. कायद्याने बांधील नसले तरी बहुतेक केंद्रप्रमुख ऐकतात. ऐन परीक्षेच्या सकाळी मात्र कुणीही ऐकायच्या स्थितीत नसतं.

तीन तास बसवेल का?

ते आधी दोनदा करून बघा, पेपरच्याच वेळेला, लाकडी खुर्चीवर, मे महिन्याच्या उकाड्यात. काकांना पहिल्या वेळी कळलं की त्रास पाठीचा नाही, रक्तदाबाच्या गोळीचा आहे. ती लघवी वाढवणारी होती आणि अकराच्या पेपरला बरोबर पहिल्या तासात दोनदा उठावं लागलं. डॉक्टरांनी परीक्षेच्या दिवसांपुरती वेळ बदलून दिली. स्वतःच्या मनाने गोळी चुकवू नका. पाणी बंद करू नका, त्याने चक्कर येते. तासाला अर्धा पेला, घोट घोट. मधुमेहींनी गोळी-साखर आणि बिस्किटं जवळ ठेवण्याचं पर्यवेक्षकांना आधी सांगून ठेवावं.

हात ताजा असतो पहिल्या दीड तासात. म्हणून सर्वांत नीट येणारे दोन प्रश्न आधी लिहा. टिपा लिहायचा प्रश्न असेल तर तो शेवटी; त्यात थकलेल्या हातालाही चार-चार ओळींचे थांबे मिळतात.

सुनेने-मुलाने काय मदत करावी?

टायपिंग आणि झेरॉक्स. शिवाय आठवड्यातून एकदा नोट हातात धरून "बोला आबा" म्हणायचं आणि मधे बोलायचं नाही. नाव आठवायला दहा-बारा सेकंद लागतात, तेवढा वेळ गप्प बसणं घरच्यांना सर्वांत अवघड जातं.

एखादा पेपर राहिलाच तर?

उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवण्याची मुदत निकालानंतर थोडेच दिवस असते, ती चुकवू नका. प्रत आली की मार्कांच्या आधी शब्द बघा: शेवटच्या दोन उत्तरांची लांबी पहिल्या दोनांच्या निम्म्यावर आली असेल तर पेपर हाताने घालवला, आणि पुढच्या खेपेला वाचनाऐवजी संध्याकाळचं लिहिणं वाढवायचं. लांबी सारखी असून मार्क कमी असतील तर नोट्समधले मुद्दे पुन्हा बघा. प्रश्नाला सोडून उत्तर असेल तर वरचं प्रश्नपत्रिकेचं उत्तर पुन्हा वाचा. नोट्स टाकून देऊ नका, तोच गठ्ठा दोन आठवड्यांच्या आठवणीच्या फेरीने पुन्हा जागा होतो.